‘थंड’ कापडाची तपासणी: उद्यमबागच्या युनिफॉर्म ऑर्डरच्या नोंदी

३ एप्रिल

उद्यमबागेतल्या एका कारखान्याची उन्हाळी टी-शर्टची ऑर्डर आली आहे. मशीन शॉप, पॅकिंग आणि भट्टी अशा तिन्ही विभागांसाठी. मालकांनी सोबत एका कापड एजंटाचं पत्रक आणि दोन नमुने पाठवले आहेत, आणि शिवायचं ते ह्याच कापडात, असा त्यांचा आग्रह आहे. पहिलं कापड नायलॉन-स्पॅन्डेक्सचं, नाव ‘आइस टच’, पत्रकात ‘क्यू-मॅक्स ०.३२’ आणि ‘५ अंशांनी थंड’. दुसरं पॉलिएस्टर, त्यावर ‘अंतराळ तंत्रज्ञान’ आणि ‘तापमान स्वतः सांभाळणारं कापड’. दोन्हींचा दर आपण नेहमी वापरतो त्या जाळीदार पॉलिएस्टरच्या अडीचपट.

काकांनी नमुना हातात घेतला आणि म्हणाले, “बघ की, खरंच गार लागतंय.” लागतंय हे खरंच. म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा आहे. बारा तास मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हा गारवा किती वेळ मिळणार, आणि त्यासाठी मालकांनी अडीचपट पैसे मोजावेत का, हे कापायच्या आधी कळायला हवं. मालकांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

‘५ अंशांनी थंड’ हे वाक्य अर्धवट आहे. कशापेक्षा थंड, ते लिहिलेलं नाही. शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं आणि ते ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. म्हणजे शरीर ५ अंशांनी थंड करण्याचा दावा नसणार, नसलेलाच बरा. मग त्वचा का? कापडाचा वरचा पृष्ठभाग का? दुसऱ्या कापडाच्या तुलनेत का? एजंटाला हेच तीन प्रश्न लिहून पाठवले.

६ एप्रिल

आज क्यू-मॅक्सचा आकडा समजून घेतला आणि काकांनाही सांगितला.

ह्या चाचणीत कापडापेक्षा गरम केलेली एक छोटी धातूची तबकडी कापडावर टेकवतात. टेकताक्षणी तबकडीतून कापडात उष्णता धावते, आणि त्या प्रवाहाचं शिखर सेकंदाच्या पहिल्या काही अंशांतच येतं. ते शिखर म्हणजे क्यू-मॅक्स. त्यानंतर प्रवाह झपाट्याने उतरतो, पण तो भाग ह्या आकड्यात येतच नाही. म्हणजे आकडा खोटा नाही. तो ‘हात लावल्यावर पहिल्या क्षणी काय वाटतं’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

नायलॉनचा आकडा मोठा का येतो, त्याचंही कारण साधं आहे. सुती धाग्यावर बारीक तंतू उभे असतात, त्यांच्यात हवा अडकते आणि त्वचेला कापड थोड्याच ठिकाणी टेकतं. गुळगुळीत, सलग नायलॉन धाग्याचं घट्ट विणलेलं कापड त्वचेला जास्त जागी टेकतं, म्हणून उष्णता पटकन ओढतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. तबकडी कापडापेक्षा किती अंशांनी गरम होती, हे सांगितल्याशिवाय ०.३२ ला अर्थ नाही. चीनच्या मानकात हा फरक १५ अंशांचा धरतात आणि ०.१५ च्या वर आकडा आला की कापडाला ‘स्पर्शाला थंड’ म्हणता येतं. इतर पद्धतींत १० किंवा २० अंश धरतात. फरक दुप्पट केला की आकडाही जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे हे ०.३२ जर २० अंशांवर मोजलेलं असेल, तर १० अंशांवर तेच कापड ०.१६ दाखवील. पत्रकात फरक दिलेला नाही. तोही प्रश्न यादीत घातला.

आणि इथूनच खरी गोम लक्षात येते. हा सगळा खेळ त्वचा आणि कापड यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. एजंटाच्या एसी दुकानात कापड २४ अंशांवर असतं आणि हात ३३-३४ वर, म्हणून गार लागणारच. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीवरचा शर्ट ३६ अंशांवर असेल तर काय?

८ एप्रिल

करून पाहिलं. दोन्ही नमुने आणि आपलं जाळीदार कापड सकाळपासून कारखान्याच्या शेडमध्ये टांगून ठेवले. सुपरवायझर अण्णांनी मदत केली. दुपारी तीनला शेडमधला थर्मामीटर ३७ च्या जवळ होता. तेव्हा अण्णांना डोळे मिटून तिन्हींवर हात ठेवायला सांगितलं. आइस टचवर हात ठेवला आणि ते म्हणाले, “हे जरा उबदार लागतंय, नाही?”

बरोबरच आहे. जे कापड हातातून उष्णता पटकन ओढतं, तेच कापड हातापेक्षा गरम असलं की हाताला उष्णता पटकन देतंही. उन्हातल्या लोखंडी कठड्याला हात लावल्यावर तो लाकडापेक्षा जास्त भाजतो, तसं.

ह्या कापडाला अगदीच काही उपयोग नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे रात्री हवा २०-२२ अंशांवर उतरते. अशा खोलीत ह्याची उशीची खोळ किंवा चादर केली, तर कूस बदलल्यावर दर वेळी नवी गार जागा मिळेल आणि तो गारवा खरा असेल. अंगात घातलेला शर्ट मात्र मिनिटभरात त्वचेच्या तापमानाला येतो. मग त्याच्याकडे ओढायला काही उरत नाही.

११ एप्रिल

एजंटाचं उत्तर आलं. ‘५ अंश’ कुठून आले तर थर्मल कॅमेऱ्याच्या फोटोतून. फोटोही पाठवलाय: एकाच माणसाच्या अंगावर अर्धा शर्ट साध्या कापडाचा, तो तांबडा, आणि अर्धा त्यांच्या कापडाचा, तो निळा. पाहणाऱ्याला पटकन पटतं.

थर्मल कॅमेरा कापडाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. आत त्वचेवर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. थंड खोलीत बाहेरची बाजू निळी दिसण्याचं एक सरळ कारण असं असू शकतं की आतली उष्णता बाहेर येतच नाहीये. हे दाखवायला काकूंनी स्वेटर घातला आणि मी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. पहाटे खोली २३ अंशांवर होती. स्वेटरचा पृष्ठभाग पातळ सुती झंपरापेक्षा बराच थंड आला. स्वेटर काकूंना थंड ठेवतो, असं कोणी म्हणेल का?

ह्या फोटोवरून कापड थंड आहे की उबदार, हे ठरतच नाही. त्यासाठी त्वचेच्या बाजूला तापमान मोजावं लागतं, किंवा घाम गाळणाऱ्या गरम पत्र्याची आयएसओ ११०९२ ही चाचणी लागते. तीत ३५ अंशांवर ठेवलेला सच्छिद्र पत्रा कापडाखाली असतो, आणि कापडातून उष्णता व वाफ बाहेर पडायला किती अडथळा होतो ते मोजतात. तिचा अहवाल मागितला.

१५ एप्रिल

आज दुसऱ्या, ‘अंतराळ’वाल्या कापडाकडे वळले. ह्यातलं तंत्र मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

ह्या कापडावर सूक्ष्म गोळ्यांचा लेप असतो. प्रत्येक गोळीत मेणाच्या जातीचा पदार्थ, बहुतेक वेळा ऑक्टाडेकेन, जो साधारण २८ अंशांना वितळतो. वितळताना तो उष्णता शोषतो आणि स्वतः २८ वरच राहतो, बर्फ वितळताना शून्यावर राहतो तसाच. गोठताना तीच उष्णता परत देतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या कामातून अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी ह्यावर संशोधन झालं, हे खरं आहे. तिथे हात क्षणात उन्हात, क्षणात सावलीत जातो. एकदा गरम, एकदा गार, असं आलटून-पालटून होत राहतं, म्हणून मेण वितळतं आणि पुन्हा गोठतं. ते काम ह्या पदार्थाला शोभतं.

आता हिशेब. शुद्ध ऑक्टाडेकेन ग्रॅममागे साधारण २४० ज्यूल शोषतो. पण शर्टात मेण थोडं आणि पॉलिएस्टर जास्त. एजंटाने फोनवर सांगितलं की कापडाची क्षमता ग्रॅममागे १० ज्यूल आहे. तेवढी धरली, आणि आपला मध्यम मापाचा शर्ट १८० ग्रॅमचा धरला, तर एकूण १८०० ज्यूल.

मशीनवर उभं राहून काम करणारं शरीर सेकंदाला साधारण २०० ज्यूल उष्णता तयार करतं. त्यातली अर्धी शर्टाखालच्या अंगातून जाते असं धरलं, तरी हे भांडवल १८ सेकंदांचं. प्रत्यक्षात उष्णता मेणापर्यंत हळू पोहोचते, म्हणून परिणाम काही मिनिटांवर पसरतो आणि तेवढाच फिका होतो. एकूण रक्कम १८०० च.

हेच घामाच्या भाषेत मांडलं की काकांना पटकन समजलं. एक ग्रॅम घाम वाळताना साधारण २४०० ज्यूल घेऊन जातो. म्हणजे शर्टातलं सगळं मेण मिळून जे करतं, ते पाऊण ग्रॅम घाम करतो. पाऊण ग्रॅम म्हणजे जेमतेम पंधरा थेंब. उन्हाळ्यात अंगमेहनत करणारा माणूस तासाला अर्धा लिटर घाम सहज गाळतो. तो सगळा वाळला, तर मेणाचं काम त्याने पाच-सहा सेकंदांत उरकलेलं असतं.

आणि हे १८०० सुद्धा मिळतील ते मेण घट्ट असेल तरच. दुपारच्या पाळीला येणारा माणूस सायकलवरून उन्हातून येतो. शर्ट २८ च्या वर केव्हाच गेलेला, मेण घरीच वितळलेलं. पाळीभर हवा ३५ च्या आसपास, त्यामुळे ते पुन्हा गोठणार नाही. गोठेल ते रात्री, अंगातून काढून दोरीवर टाकल्यावर.

“मग हे मेण कुठं चालतंय?” काकांनी विचारलं. जिथे माणूस सारखा कोल्ड स्टोरेजमध्ये आत-बाहेर करतो, तिथे थोडंफार. आणि जिथे मेणाचं वजन भरपूर असतं तिथे नक्की. खिशांत मेणाच्या पिशव्या घातलेली कूलिंग जाकिटं मिळतात. दोन किलो मेण, ग्रॅममागे २०० ज्यूल, म्हणजे ४ लाख ज्यूल. सेकंदाला १०० ज्यूल ओढले तरी तासाहून जास्त चालेल. मग पिशव्या थंड पाण्यात किंवा फ्रिजमध्ये गोठवून पुन्हा वापरायच्या. पदार्थ तोच, तत्त्व तेच, वजनात मात्र कमालीचा फरक.

म्हणून ह्या प्रकारच्या कापडासाठी एजंटाला विचारायचा प्रश्न एकच: कापडाच्या दर ग्रॅममागे किती ज्यूल, किती अंशांना, आणि वीस-तीस धुण्यांनंतर किती उरतात? डीएससी नावाच्या चाचणीत हे आकडे मिळतात. कापड बनवणाऱ्या कंपनीने ती केली आहे की नाही, हे पत्रकावरून कळत नाही, म्हणून तिचा अहवालही मागितला.

१९ एप्रिल

बाटल्यांची चाचणी. इचलकरंजीला डिप्लोमा करताना प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे शिकले होते. इथे घरगुती उपाय. अर्ध्या लिटरच्या एकसारख्या बाटल्या, आत ३७ अंशांचं पाणी, झाकणातून थर्मामीटर, बाहेरून प्रत्येक कापडाची घट्ट बाही. आधी सगळ्या बाह्या कोरड्या, मग सगळ्या ओल्या. शेडमध्ये हवा ३५ अंशांची, कोरडी.

कोरड्या बाह्यांत अर्ध्या तासात पाणी जेमतेम अंशभर उतरलं, आणि कापडाकापडांत फरक वाचता येण्याजोगा नव्हता. मेणाच्या बाहीतही नाही. हिशेबाने ते अपेक्षितच होतं: २५ ग्रॅमची बाही म्हणजे २५० ज्यूल, आणि अर्धा लिटर पाणी एक अंशाने उतरवायला लागतात २१००.

ओल्या बाह्यांत मात्र सगळ्याच बाटल्या सहा-सात अंशांनी उतरल्या. सुती बाहीसुद्धा. साध्या जाळीची बाही सगळ्यात लवकर वाळली, म्हणून तिला मध्येच पुन्हा पाणी शिंपडावं लागलं. अंगावर हे काम घाम करतो.

पंखा लावल्यावर उतार आणखी वाढला. दोन कापडांतल्या फरकापेक्षा पंखा असण्या-नसण्याचा फरक कितीतरी मोठा होता.

२२ एप्रिल

घाम पसरवण्याचा गुण हा ह्या सगळ्यातला खराखुरा फायदा आहे, आणि पत्रकात तो कोपऱ्यात छापलाय. घाम एकाच जागी थेंबाने साचला तर ओघळून खाली जातो आणि वाया जातो. कापडाने तो हातभर पसरवला तर तो वाळतो, शर्ट पाठीला चिकटत नाही आणि काम थांबल्यावर ओलं अंग राहत नाही.

हा गुण घरी तपासता येतो. ताणून धरलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. दुसरं म्हणजे अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी टोकाने रंगीत पाण्यात बुडवून दहा मिनिटांत पाणी किती वर चढतं ते मोजायचं. हे दोन्ही नव्या कापडावर करून थांबायचं नाही, धुतलेल्यावरही करायचं. बऱ्याच पॉलिएस्टरवर पाणी शोषण्यासाठी वरून फिनिश दिलेलं असतं आणि ते धुण्यात उतरत जातं. धाग्यालाच लांबट खाचा असतील तर गुण टिकतो.

धुऊन-धुऊन पाहिलं. आइस टचवर थेंब सुरुवातीपासूनच रेंगाळत होता. मेणाच्या कापडावर आधी लगेच जिरायचा, धुण्यांनंतर मण्यासारखा उभा राहायला लागला. लेपामुळे ते जड आणि बंदही आहे. तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर हवा अवघडत जाते. आपली जाळी तशीच राहिली. वडगावच्या कामवाल्या मावशींनी एका धुण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घातला होता, त्या तुकड्याने मात्र पाणी धरलंच नाही. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी अडवतो. युनिफॉर्मच्या लेबलवर ‘सॉफ्टनर वापरू नये’ छापायचं ठरवलं.

२८ एप्रिल

अंगावरची चाचणी. आइस टच आणि साधी जाळी, एकाच मापात, एकाच रंगात शिवले, आत फक्त खूण. कोणतं कापड कुठलं, हे अण्णांनाही सांगितलं नाही. मशीन शॉपच्या मुलांनी आलटून-पालटून घातले. सकाळी कपडे बदलताना बहुतेकांनी आइस टचला पसंती दिली. दुपारच्या चहाला विचारलं तेव्हा मत फिरलं होतं: जाळीतून वारं लागतंय आणि दुसरं पाठीला चिकटतंय. एकाला शेवटपर्यंत आइस टचच बरा वाटला. तो पंख्यासमोर उभा असतो.

३ मे

काल वळीव झाला. हवा खाली आली पण दमट झाली. बाटल्या पुन्हा मांडल्या. कोरडी बाटली आणि ओली बाटली यांच्यातला फरक एप्रिलमध्ये सहा अंशांच्या आसपास होता, आज तीनच्या जवळ. हवेतच वाफ भरलेली असेल तर घाम वाळणार कुठे? खानापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हे आणखी जाणवेल. तेव्हा घाम पसरवणारं कापडही अर्धंच काम करेल आणि भार वाऱ्यावर पडेल. पत्रकात ‘सर्व हवामानांत’ लिहिलंय, ते ह्या चाचणीत टिकत नाही.

५ मे

एजंटाकडून क्यू-मॅक्सचा अहवाल आला. तापमानाचा फरक २० अंश. डीएससीचा आणि आयएसओ ११०९२ चा अहवाल आला नाही; “कंपनीकडून मागवतो” एवढंच.

मालकांना भेटले आणि नोंदी दाखवल्या. त्यांची एक गोष्ट मात्र मी ठामपणे अडवली: भट्टीजवळच्या माणसांना ह्यातलं कुठलंही कापड देऊ नये, आपली जाळीसुद्धा नाही. वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा पडला तर नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात आणि भाजलेली जखम खोल होते. तिथे जाड सुती ड्रिल, पूर्ण बाही, आणि ज्वालारोधक कपडे घ्यायची तयारी असेल तर तेच. मालक लगेच तयार झाले. “पत्रकात हे कुठंच नाही की,” ते म्हणाले.

७ मे

ऑर्डर ठरली. मशीन शॉप आणि पॅकिंगसाठी साधी जाळी, फिका रंग, नेहमीपेक्षा एक माप सैल, बगलेखाली मोकळ्या विणीची पट्टी आणि दोन्ही बाजूंना कट. सैल शर्टात हालचालीबरोबर हवा आत-बाहेर खेळते, आणि त्याला वेगळा दर पडत नाही. फिरत्या मशीनजवळ सैल कापड अडकण्याचा धोका असतो, म्हणून बाही आखूड आणि तिला रिब, खालचा घेर पँटमध्ये खोचायचा; लेथवाल्यांच्या शर्टांना बाजूचे कट नाहीत. भट्टीसाठी सुती ड्रिल.

महागड्या कापडाचे वाचलेले पैसे मालक पॅकिंगच्या कोपऱ्यात दोन मॅन कूलर बसवायला वापरणार आहेत. तो कोपरा भिंतीआड आहे, वारं पोहोचत नाही. पंखे बसल्यावर त्याच मुलांना पुन्हा विचारायचं अण्णांनी कबूल केलंय. कटिंग मास्तर उद्यापासून जाळीचे थर लावतील.